महिन्याला पंचवीस हजार: गूगलवर शोधणारा की फेसबुकवर दिसणारा? सांगलीतल्या एका सोलर दुकानाचा हिशेब

दुकान सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातलं आहे. घरांच्या छतावर सोलर बसवण्याचं काम, दोघे भाऊ चालवतात. थोरला साइट बघतो, तर फोन, बिलं आणि महावितरणची कागदपत्रं धाकट्याकडे. बसवणाऱ्यांची टीम एकच, त्यामुळे महिन्याला सात-आठ कामांच्या पुढे हात पोचत नाही. दोन-तीन कामं ओळखीतून येतातच. उरलेली चार-पाच जाहिरातीतून यावीत म्हणून दोघांनी महिन्याला पंचवीस हजार बाजूला ठेवले, वर एक रुपया नाही. प्रश्न होता ते कुठे लावायचे.

हे दुकान प्रातिनिधिक आहे, एका विशिष्ट दुकानाचं खातं मी इथे उघडत नाही. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आणि गोल केलेले आहेत. तुमच्या गावात, तुमच्या धंद्यात ते वेगळे येतील. ज्या क्रमाने गोष्टी घडतात आणि ज्या जागी निर्णय चुकतो, तो भाग मात्र या कामात पुन्हा पुन्हा दिसणारा आहे, आणि लिहिण्याचं कारण तेच आहे.

आधी धंद्याचा हिशेब

सोलरचा ग्राहक कसा असतो ते पाहिल्याशिवाय जाहिरातीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टिमला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ते सिस्टिम बसून चालू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात जमा होतं. म्हणजे आधी पैसे ग्राहकालाच उभे करावे लागतात, खिशातून किंवा कर्ज काढून. ३ किलोवॅटसाठी साधारण तीनशे चौरस फूट मोकळं, सावली न पडणारं छत लागतं. भाडेकरूला हे जमत नाही. फ्लॅटवाल्याला सोसायटीच्या छतावर हक्क सांगता येत नाही. ज्याचं बिलच चारशे रुपये येतं, त्याचे पैसे सुटायला फार वर्षं लागतात. एकूण, जाहिरात बघणाऱ्यांतले बहुतेक लोक मनात असूनही ग्राहक होऊ शकत नाहीत.

या दुकानात एका ३ किलोवॅटच्या कामामागे माल, मजुरी, स्ट्रक्चर, मीटरचं काम हे सगळं जाऊन सुमारे वीस हजार उरतात, असं धरू. दोघा भावांनी ठरवलं की त्यातले जास्तीत जास्त पाच हजार जाहिरातीवर घालवायचे, त्यापुढे काम परवडत नाही. हा आकडा त्यांनी जाहिरात सुरू करण्याआधी कागदावर लिहून ठेवला, हे त्यांचं सगळ्यात चांगलं काम. तो नसेल तर पुढे महिन्याअखेरीला समोर येणारा कुठलाही रिपोर्ट चांगलाच वाटतो.

आणखी एक गोष्ट इथेच मोजून घ्यायची. गूगल आणि फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणारी मेटा, दोन्हीकडच्या जाहिरातींवर १८ टक्के जीएसटी लागतो. खिशातून पंचवीस हजारच जाणार असतील, तर प्रत्यक्ष जाहिरात २१,१८६ रुपयांची होते. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराला तो कर क्रेडिटमध्ये परत घेता येतो, कंपोझिशनवाल्याला नाही. आपण पुढे हिशेबाला एकवीस हजार धरू.

पहिला महिना: निम्मे इकडे, निम्मे तिकडे

सुरुवातीला त्यांनी तेच केलं जे बहुतेक जण करतात. साडेदहा हजार गूगल सर्चला, साडेदहा हजार फेसबुक-इन्स्टाग्रामला. महिन्याअखेरीला दोन ओळींचा रिपोर्ट समोर आला. गूगलवरून १६ चौकश्या, प्रत्येकी साधारण ६५६ रुपये. फेसबुकवरून १४० लीड, म्हणजे फॉर्म भरून नाव-नंबर दिलेली माणसं, प्रत्येकी ७५ रुपये.

धाकटा म्हणाला, "दादा, हे तर सरळच आहे. गूगल बंद करू आणि सगळे पैसे फेसबुकला लावू."

थोरल्याने एकच विचारलं, "त्या एकशे चाळीसपैकी बिल किती जणांनी पाठवलं?"

या प्रश्नातच सगळं प्रकरण आहे. दुकानाची जुनी पद्धत अशी की चौकशी आली की व्हॉट्सअॅपवर आधी लाइट बिलाचा फोटो मागायचा. महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक असतो, मंजूर भार असतो, नाव कुणाचं आहे ते असतं आणि मागच्या महिन्यांचा वापर असतो. तो एक फोटो आला की किती किलोवॅटची सिस्टिम लागेल ते घरी न जाता सांगता येतं. महत्त्वाचं म्हणजे, ज्याला खरोखर बसवायचं आहे तोच माणूस उठून बिल शोधतो आणि फोटो काढतो. म्हणून लीड मोजण्याऐवजी बिलाचे फोटो मोजायचे असं ठरलं. दुकानाच्या जुन्या अनुभवाप्रमाणे चार फोटोंमागे एक काम होतं. कामामागे पाच हजारांची मर्यादा असेल, तर एका फोटोला साडेबाराशेपर्यंत खर्च चालतो. मोजपट्टी तयार झाली.

ती पट्टी लावल्यावर पहिला महिना असा दिसला. गूगलवरून ७ फोटो, प्रत्येकी १,५०० रुपये, त्यातून २ कामं. फेसबुकवरून ९ फोटो, प्रत्येकी ११६७ रुपये, त्यातून १ काम, तेही पुढच्या महिन्यात गेलेलं. पंच्याहत्तर आणि साडेसहाशे यांच्यातलं ते भलंमोठं अंतर कुठल्या कुठे गेलं.

मात्र याच आकड्यांवरून फेसबुकला नापास करणंही बरोबर नाही. दोन कामं विरुद्ध एक काम हा फरक इतका लहान आहे की नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. छोट्या बजेटची ही खरी अडचण आहे. महिन्याला मोजकी चार-पाच कामं येतात, त्यामुळे कामांच्या संख्येवरून महिन्याभरात काहीच ठामपणे ठरवता येत नाही. निर्णय मधल्या पायरीवर करावा लागतो, जिथे आकडा थोडा मोठा असतो आणि ग्राहकाची खरी इच्छाही दिसते. या दुकानात ती पायरी म्हणजे बिलाचा फोटो. मॉड्युलर किचनवाल्याकडे ओट्याची मापं पाठवणं असेल, क्लासवाल्याकडे डेमो लेक्चरला येणं असेल.

गूगलचे पैसे कुठे गेले

पंधराशेचा भाव मर्यादेबाहेर होता. पण तो भाव सर्चचा खरा भाव नव्हता. गूगल अॅड्समध्ये Search terms नावाचा रिपोर्ट असतो. आपण जाहिरातीसाठी कुठले शब्द, म्हणजे कीवर्ड, निवडले हा तिथला विषय नाही, लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं आणि त्यावर आपले पैसे कसे गेले ते दिसतं. तो उघडल्यावर कळलं की साडेदहापैकी जवळजवळ ३,८०० रुपये भलत्याच लोकांवर गेले होते.

सगळ्यात मोठा वाटा सोलर पंपाचा. महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी कुसुम आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजना आहेत, त्यामुळे 'सोलर' शब्द टाइप करणाऱ्यांत पंप शोधणारे शेतकरी भरपूर असतात. घराच्या छतावर काम करणाऱ्या दुकानाला त्यांचा उपयोग नाही, आणि त्यांनाही या दुकानाचा नाही. दुसरा वाटा योजनेच्या पोर्टलवर लॉगिन करायला निघालेल्यांचा, ज्यांचा अर्ज कुठल्यातरी दुसऱ्या दुकानामार्फत आधीच गेलेला असतो. तिसरा शेअर बाजारवाल्यांचा. सोलर पॅनल बनवणाऱ्या कंपन्या बाजारात नोंदल्या गेल्यापासून कंपनीचं नाव टाकून भाव बघणारे वाढले. आणि मग नोकरी, कोर्स, डीलरशिप.

हे थांबवायचा उपाय म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे हे शब्द असतील तर जाहिरात दाखवू नकोस अशी सूचना. या दुकानाची सुरुवातीची यादी अशी होती:

```
pump
pumps
पंप
kusum
कुसुम
login
status
share price
job
dealership
course
street light
water heater
```

यात pump आणि pumps दोन्ही का, असं वाटेल. नेहमीचे कीवर्ड गूगल सैलपणे जुळवतं, जवळच्या अर्थाचे शब्दही पकडतं. निगेटिव्ह मात्र तसं पसरत नाही. एकवचन टाकलं म्हणून अनेकवचन थांबत नाही, आणि रोमन लिपीत लिहिलं म्हणून देवनागरी थांबत नाही. आपल्याकडे तोच माणूस सकाळी 'solar pump yojana' टाइप करतो आणि संध्याकाळी बोलून 'सोलर पंप योजना' शोधतो. दोन्ही लिहावंच लागतं. ही यादी पहिला महिनाभर तरी दर दोन-तीन दिवसांनी वाढवायची असते. नंतर आठवड्याला एकदा पाहिलं तरी चालतं.

आणखी दोन जागा तपासल्या. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये Presence or interest असा पर्याय आपोआप निवडलेला असतो. त्याचा अर्थ असा की सांगलीत असलेल्यांनाच नाही, तर सांगलीत रस दाखवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसालाही जाहिरात दिसते. तो बदलून फक्त Presence ठेवला. (गावाकडच्या आईवडिलांच्या घरासाठी पुण्यात बसून सोलर शोधणारा मुलगाही असतो, हे खरं. पण एवढ्या बजेटमध्ये त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं की बाकीचे शंभर आत येतात.) दुसरं, सर्चची कॅम्पेन उघडतानाच डिस्प्ले नेटवर्कची खूण चालू असते. ती राहिली तर सर्चचे पैसे वेबसाइटवरच्या आणि अॅपमधल्या बॅनरवर जातात. ती काढली.

फुकट गेलेले ३,८०० वजा केले तर सात फोटोंना ६,७०० रुपये पडले होते, म्हणजे फोटोमागे साडेनऊशेच्या आसपास. हा भाव फारच चांगला होता. आता दोघांचं मत उलटं फिरलं. धाकट्याने महिनाभर १४० फोन केले होते, आणि त्यातले बरेच असे:

"नमस्कार, तुम्ही सोलरसाठी फॉर्म भरला होता ना?"

"मी? कुठला फॉर्म?"

"फेसबुकवर, साहेब. अनुदानाचा."

"हां हां, ते फुकट लाइटचं होय? मग सांगा ना, कधी येताय बसवायला?"

दिवसभर असे फोन करून तो कंटाळला होता. "सगळं गूगलला टाकू," असं आता तोच म्हणू लागला.

दुसरा महिना: सगळं सर्चला

दुसऱ्या महिन्यात एकवीसच्या एकवीस हजार सर्चला दिले, पण दोन वेगळ्या कॅम्पेन करून. पहिलीत फक्त नेमके शब्द: 'solar panel sangli', '3kw solar price with subsidy', 'rooftop solar miraj' अशा जातीचे, एक्झॅक्ट आणि फ्रेझ मॅचमध्ये, म्हणजे शोध त्याच अर्थाचा असेल तरच जाहिरात दिसावी असे. दुसरीत ब्रॉड मॅच, म्हणजे गूगलला जवळपासचं जे वाटेल ते. हे दोन खण केले म्हणूनच पुढची गोष्ट दिसली. एकाच कॅम्पेनमध्ये सगळं असतं तर सरासरीखाली ती झाकली गेली असती.

नेमक्या शब्दांची कॅम्पेन साडेबारा हजारांवर अडकली. बजेट आणखी होतं, पण ती खर्चच करेना. कारण सोपं आहे. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये एका महिन्यात 'मला घरावर सोलर बसवायचं आहे' असं गूगलला सांगणारी माणसं मोजकीच असतात. आपण कितीही पैसे ठेवले म्हणून ती वाढत नाहीत. गूगल हे स्वतः दाखवतं. Search impr. share नावाचा कॉलम सुरू केला की, शक्य तितक्या वेळांपैकी किती वेळा आपली जाहिरात दिसली ते कळतं. इथे तो आकडा ८० टक्क्यांच्या आसपास होता, आणि शेजारचा Search lost IS (budget) शून्याजवळ. म्हणजे पैसे कमी पडले म्हणून हुकलेलं काहीच नव्हतं. उरलेले वीस टक्के Search lost IS (rank) मध्ये होते, तिथे पैशांपेक्षा जाहिरातीचा मजकूर आणि वेबसाइटचं पान सुधारण्याचं काम असतं.

उरलेले साडेआठ हजार ब्रॉड मॅचच्या कॅम्पेनने खर्च केले. हिशेब असा लागला: नेमक्या शब्दांतून साडेबारा हजारांत १२ फोटो, प्रत्येकी साधारण १,०४० रुपये, आणि ४ कामं. ब्रॉड मॅचमधून साडेआठ हजारांत ३ फोटो, प्रत्येकी २,८३३ रुपये, आणि एकही काम नाही.

दोन्हींची सरासरी काढली तर फोटोमागे १,४०० येते. पहिल्या महिन्याच्या १,५०० पेक्षा थोडी बरी. नुसती सरासरी बघणाऱ्याला वाटलं असतं, सर्च ठीकठाक आहे, चालू ठेवू. पण प्रत्यक्षात पहिले साडेबारा हजार उत्तम लागले होते आणि शेवटचे साडेआठ हजार वाया गेले होते. बजेट ठरलेलं असताना प्रश्न विचारायचा तो शेवटच्या हजाराबद्दल: तो कुठे टाकला तर जास्त देईल? गूगल चांगलं की फेसबुक चांगलं, हा प्रश्न त्यापुढे निरुपयोगी आहे. सर्चमध्ये पहिला हजार सगळ्यात मोलाचा असतो, कारण तो आधीच विकत घ्यायला निघालेल्या माणसावर जातो. ती माणसं संपली की पुढचा प्रत्येक हजार हलका होत जातो. छोट्या शहरात ती फार लवकर संपतात. पुण्यात हेच दुकान असतं तर एकवीस हजारांत सर्चची मर्यादा बहुधा दिसलीच नसती, आणि तिथे मी सोशल मीडियाला हातही लावू नका असं सांगितलं असतं.

फेसबुकवर काय बदललं

मग साडेआठ हजार परत फेसबुक-इन्स्टाग्रामला द्यायचे ठरले. पण पहिल्या महिन्यातलीच जाहिरात पुन्हा चालवली असती तर पुन्हा तेच १४० फोन. बदल कुठे करायचा हे त्या फोनवरच्या संभाषणातच होतं.

पहिली जाहिरात म्हणजे एक पोस्टर होतं: वर 'मोफत वीज', मध्ये पॅनलचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात '७८,००० अनुदान'. योजनेच्या सरकारी नावातच 'मुफ्त बिजली' आहे, त्यामुळे खोटं काही नव्हतं. पण ते वाचणारा माणूस सरकार घरी येऊन फुकट बसवणार असंच समजतो. आणि फेसबुकचा लीड फॉर्म इतका सोपा असतो की नाव, नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरलेले येतात, दोनदा बोट लावलं की लीड तयार. बऱ्याचदा तो नंबरही जुना असतो. मेटाची यंत्रणा आपण सांगू ते स्वस्तात आणून देते. आपण 'फॉर्म भरणारे' मागितले, तिने फॉर्म भरणारे आणून दिले. तिच्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

नव्या जाहिरातीत 'मोफत' शब्द काढला. मोबाइलवर काढलेला तीस-पस्तीस सेकंदांचा व्हिडिओ केला: विश्रामबागेतल्या एका ग्राहकाचं छत, ग्राहक स्वतः हातात दोन बिलं धरून उभा, एक बसवण्याआधीच्या एप्रिलचं, एक नंतरच्या. बोलणं सांगलीच्या रोजच्या मराठीत. त्यातच तीन गोष्टी उघड सांगितल्या: अनुदान वजा जाता घरातून साधारण किती रक्कम घालावी लागते, छत स्वतःचं असावं लागतं आणि बिल दोन हजारांच्या पुढे असेल तरच विचार करा. जाहिरातीत किंमत सांगितली की लीड कमी होतात, या भीतीने लोक ती लपवतात. या धंद्यात लीड कमी होणं हाच फायदा आहे, कारण न परवडणारा माणूस फोन करण्याआधीच गळतो आणि धाकट्याचा दिवस वाचतो.

फॉर्मचा प्रकार More volume वरून Higher intent केला. त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासण्याची एक पायरी वाढते. दोन प्रश्न घातले, घर कुणाच्या नावावर आहे आणि महिन्याचं बिल साधारण किती. शेवटच्या पडद्यावर व्हॉट्सअॅपचं बटण आणि 'बिलाचा फोटो इथे पाठवा' एवढीच ओळ.

एक लीड ७५ रुपयांना पडत होता, तो आता २०० रुपयांना पडू लागला. हा आकडा पहिल्या आठवड्यात पाहून जाहिरात बंद करणारे पुष्कळ असतात. महिन्यात ४२ लीड आले, त्यातून ८ बिलांचे फोटो, प्रत्येकी साधारण १,०६० रुपये. लीड जवळजवळ तिप्पट महाग झाला आणि फोटो स्वस्त झाला.

फेसबुकच्या बाबतीत दोन मर्यादा मात्र या बजेटमध्ये कायम राहतात. मेटाची यंत्रणा नीट शिकायला एका अॅड सेटला आठवड्याला सुमारे ५० निकाल लागतात. इथे आठवड्याला दहाच येत होते, त्यामुळे खात्यात 'Learning limited', म्हणजे शिकणं अपुरं, असं दिसत राहणार. त्यावर उपाय म्हणजे पैसे वाढवणं, आणि ते तर शक्य नाही. मग निदान आहे ते तुकड्यांत वाटायचं नाही: एकच कॅम्पेन, एकच अॅड सेट, दोन-तीन व्हिडिओ, आणि दर दोन दिवसांनी सेटिंग बदलत बसायचं नाही, कारण मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दुसरी मर्यादा गावाच्या आकाराची. लोकसंख्या ठरलेली, तेच लोक तोच व्हिडिओ बघतात. एकाच माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते सांगणारा Frequency हा कॉलम चढत गेला आणि त्याबरोबर फोटोचा भाव वाढला, तर व्हिडिओ बदलायची वेळ झाली असं समजायचं. दुकानाने प्रत्येक नव्या साइटवर एक छोटा व्हिडिओ काढायचा नेम केला, तेवढं पुरतं.

तिसरा महिना, आणि श्रेय कुणाचं

तिसऱ्या महिन्याची वाटणी अशी: साडेबारा हजार नेमक्या शब्दांच्या सर्चला, साडेआठ हजार मेटाला. गूगलमध्ये बजेट रोजचं द्यावं लागतं, महिन्याची रक्कम ३०.४ ने भागून, म्हणजे इथे ४११ रुपये. एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुप्पट खर्च करतं, तेव्हा घाबरायचं नाही, महिन्याचा एकूण आकडा ओलांडत नाही.

एकूण २० फोटो आले, आधीच्या महिन्यात तेवढ्याच पैशांत १५ होते. सर्चमधून ४ कामं. मेटामधून त्या महिन्यात १ आणि पुढच्या महिन्यात आणखी १. सहा कामांवर एकवीस हजार, म्हणजे कामामागे साडेतीन हजार. पाच हजारांच्या आत.

मेटाचं काम उशिरा येतं, हे इथे लक्षात ठेवावं लागतं. सर्चवरून आलेला माणूस दोन-तीन दुकानांचे भाव आधीच घेत असतो, आठ-पंधरा दिवसांत हो-नाही करतो. व्हिडिओ पाहून आलेल्याच्या डोक्यात सोलर आजच शिरलेलं असतं. तो घरी बोलतो, बँकेत विचारतो, एका मोठ्या बिलाची वाट बघतो. म्हणून मेटाचा महिना त्याच महिन्यात मोजायचा नाही, निदान दोन महिने थांबून मोजायचा. धाकट्याने वहीत प्रत्येक फोटोसमोर तो कुठून आला आणि कधी आला ते लिहायला सुरुवात केली, आणि काम झालं की त्याच ओळीवर खूण केली. एवढं केलं तर वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

त्याच वहीत एक गुंता सापडला. तिसऱ्या महिन्यात सर्चच्या बारा फोटोंपैकी तीन जणांनी गूगलवर थेट दुकानाचं नाव टाइप केलं होतं. दुसऱ्या महिन्यात, फेसबुक बंद असताना, नावाने शोधणारं जवळजवळ कुणी नव्हतं. त्या तिघांना विचारलं तेव्हा दोघे म्हणाले, "तुमचा तो बिलाचा व्हिडिओ बघितला होता." जाहिरात पाहिली फेसबुकवर, दुकानाचं नाव लक्षात राहिलं, चार दिवसांनी गूगलवर शोधलं, आणि रिपोर्टमध्ये श्रेय गेलं गूगलला. म्हणून दुकानाच्या नावाचे शब्द सर्चमध्ये वेगळ्या, छोट्या कॅम्पेनमध्ये काढले, दिवसाला वीस-तीस रुपयांच्या. आता नेमक्या शब्दांचा भाव स्वच्छ दिसतो, आणि नावाने शोधणारे वाढले की मेटा काम करतंय याची खूणही मिळते. रिपोर्ट बघून मेटा बंद करायचं ठरवण्याआधी ही जागा तपासलीच पाहिजे.

पावसाळा

ही वाटणी मार्च ते मेमध्ये बसवलेली आहे. त्या दिवसांत कूलर, एसी चालतात, बिल फुगतं, आणि बिल हातात पडलं की माणूस गूगल उघडतो. जुलैत सांगलीत पाऊस लागला की शोधणारेच कमी होतात. तेव्हा नेमक्या शब्दांची कॅम्पेन स्वतःहून सात-आठ हजारांवर येईल, आणि तिला तिथेच राहू द्यावं. वाचलेले पैसे ब्रॉड मॅचला टाकण्यात अर्थ नाही, हे दुसऱ्या महिन्याने दाखवलंच आहे. मेटालाही आणखी देऊ नये, कारण पावसात छतावर काम लांबतं आणि आलेला ग्राहक तोवर थंड होतो.

माझं मत असं की महिन्याला पंचवीस हजार ही बांधून घेतलेली रक्कम सोडून वर्षाला तीन लाख असा आकडा धरावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे वाचेल ते फेब्रुवारीच्या शेवटापासून वापरावं, सर्चची मर्यादा वर जाते तेव्हा. थोरल्याला हे पटलं. धाकट्याला भीती आहे की वाचलेले पैसे दुसरीकडेच खर्च होतील, आणि ती भीती खोटी नाही, म्हणून त्यांनी जाहिरातीसाठी वेगळं बँक खातं उघडलं.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की वाटणी पुन्हा तपासायची, आणि तपासायचे आकडे तीनच आहेत: नेमक्या शब्दांचा Search impr. share, दोन्हीकडचा बिलाच्या फोटोचा भाव, आणि फोटोतून काम होण्याचं प्रमाण. पहिला साठच्या खाली आला आणि बजेटमुळे हुकलेलं दिसू लागलं, तर मेटाचे पैसे कमी करून सर्चला द्यायचे. मेटाच्या फोटोचा भाव लागोपाठ दोन महिने साडेबाराशेच्या वर राहिला, किंवा आठ फोटोंत एकही काम होईना, तर आधी व्हिडिओ बदलायचा, आणि तरीही तसंच राहिलं तर ते साडेआठ हजार खर्चच करायचे नाहीत.